३३८९ पोर्ट बाहेरून का दिसू नये

ऑफिसचा कॉम्प्युटर घरून वापरायचा असेल तर सगळ्यात झटपट उपाय म्हणजे राउटरवर ३३८९ हा पोर्ट उघडून तो थेट त्या कॉम्प्युटरकडे वळवणे. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप याच पोर्टवर ऐकत असतो, त्यामुळे पाच मिनिटांत काम होतं. पण त्यानंतर जगातला कोणताही कॉम्प्युटर त्या पोर्टवर हाक मारू शकतो आणि आपला कॉम्प्युटर त्याला इमानेइतबारे उत्तर देतो.

‘आपला पत्ता कोणाला माहीत असणार?’ हा भ्रम आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ‘झीमॅप’ नावाचं साधन तयार केलं. चांगल्या गतीच्या एका जोडणीवरून ते इंटरनेटवरच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांचा एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासतं. म्हणजे कोणी आपल्याला शोधत बसत नाही, सगळ्यांबरोबर आपणही सापडतो. पोर्टचा नंबर बदलूनही फारसं साधत नाही, कारण जोडणी सुरू होतानाच्या उत्तरावरूनच पलीकडे रिमोट डेस्कटॉप आहे हे ओळखू येतं.

पासवर्ड मजबूत ठेवला की झालं, असंही नाही. २०१९ च्या मे महिन्यात उघड झालेली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी पासवर्ड विचारला जाण्याच्या आधीच कामाला लागायची. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने तोवर बाद झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. ओळख पटण्याआधी अनोळखी माणसाशी किती बोलायचं, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून नेलेला खासगी बोगदा, फार उजवा ठरतो. आलेल्या पाकिटामागे ओळखीची किल्ली नसेल तर तो नकारही कळवत नाही, गप्पच राहतो. बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

समजा, ऑफिसच्या राउटरमध्ये वायरगार्डची सोय आहे आणि आपला कॉम्प्युटर आतल्या जाळ्यात 192.168.50.20 या पत्त्यावर आहे. आधी राउटरवरचं ३३८९ चं फॉरवर्डिंग काढून टाकायचं. मग राउटर आणि घरचा लॅपटॉप या दोघांसाठी किल्ल्यांची एकेक जोडी बनवायची आणि फक्त सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल करायची. लॅपटॉपवरची फाइल एवढीशीच असते:

```
[Interface]
PrivateKey = <laptop-private-key>
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = <router-public-key>
Endpoint = office.example.com:51820
AllowedIPs = 192.168.50.20/32
```

शेवटची ओळ नीट पाहा. फक्त त्या एका कॉम्प्युटरकडे जाणारी वाहतूक व्हीपीएनमधून जाईल, बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने. मात्र ही ओळ म्हणजे कुलूप नव्हे. लॅपटॉप हाती लागलेला माणूस ती सहज बदलू शकतो. खरं बंधन राउटरच्या फायरवॉलमध्ये घालावं लागतं: 10.8.0.2 ला 192.168.50.20 च्या ३३८९ पोर्टपर्यंतच वाट, बाकी सगळं बंद. नेमकी हीच पायरी लोक गाळतात आणि मग घरच्या लॅपटॉपमधला व्हायरस अख्ख्या ऑफिसात फिरू शकतो.

तपासणी ऑफिसच्या वायफायवरून करू नका. मोबाइल डेटावर लॅपटॉप जोडा, व्हीपीएन सुरू करा आणि पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Test-NetConnection 192.168.50.20 -Port 3389
```

`TcpTestSucceeded : True` दिसायला हवं. मग व्हीपीएन बंद करून हीच तपासणी ऑफिसच्या सार्वजनिक पत्त्यावर करा. तिथे `False` आलं पाहिजे. `True` आलं तर पोर्ट अजून उघडाच आहे.

बऱ्याचदा वायरगार्डमध्ये `Latest handshake`, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं ती वेळ, ताजी दिसते, पण रिमोट डेस्कटॉप काही उघडत नाही. अशा वेळी किल्ल्यांना दोष देऊ नका, बोगदा तयार झालेला असतो. कधीकधी ऑफिसच्या कॉम्प्युटरची विंडोज फायरवॉल फक्त स्थानिक जाळ्यातल्यांना आत घेत असते आणि 10.8.0.2 हा पत्ता तिला परका वाटतो. रिमोट डेस्कटॉपच्या नियमात तेवढा पत्ता घातला की काम होतं. तेही नसेल, तर कॉम्प्युटर झोपी गेलाय का ते पाहा. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण फार वेळा कारण तेच निघतं.

माणसं जास्त असतील तर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर किल्ल्या सांभाळणं जिकिरीचं होतं. तिथे रिमोट डेस्कटॉप गेटवे बरा. हा वेगळा सर्व्हर ४४३ पोर्टवर एन्क्रिप्टेड जोडणी घेतो, आधी माणसाची ओळख तपासतो आणि मगच ठरवून दिलेल्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. कोणी आत यायचं आणि आल्यावर कुठपर्यंत जायचं, याचे नियम त्यात वेगवेगळे लिहिता येतात. पण गेटवे वायरगार्डसारखा अदृश्य नसतो, बाहेरून दिसतोच. म्हणून त्याला दुसऱ्या टप्प्याची ओळख, म्हणजे फोनवरची मंजुरी, जोडावी लागते, आणि त्याचे अपडेट आले की लगेच घ्यावे लागतात.

लॅपटॉप चोरीला गेला तर राउटरवरून त्याची सार्वजनिक किल्ली काढायची. बाकीच्यांची जोडणी तशीच चालू राहते, तो लॅपटॉप मात्र त्या क्षणापासून अनोळखी ठरतो. त्यात रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड साठवलेला असेल, तर तोही त्याच दिवशी बदला.