नव्या मधुमेहींची किराणा यादी

प्रौढ वयात टाइप २ मधुमेहाचे निदान झाल्यावर घरातल्या महिन्याच्या वाणसामानात जो फेरबदल करावा लागतो, त्याला इथे ‘मधुमेहींची किराणा यादी’ म्हटले आहे. निदान बहुधा उपाशीपोटी साखर दर डेसिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के वा अधिक आल्यावर होते. त्यानंतर घरात पहिली हालचाल असते ती साखरेचा डबा माळ्यावर टाकण्याची आणि दुकानातून ‘डायबेटिक’ लिहिलेली बिस्किटे आणण्याची. पहिली निम्मी बरोबर, दुसरी जवळजवळ नेहमीच चुकीची. यादीत खरा फरक पडतो तो किलोंमध्ये. कोणता तांदूळ आणला यापेक्षा महिन्याला किती आणला, हे आधी पाहावे.

तांदूळ. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. कोलम असो वा बासमती, हा आकडा फारसा हलत नाही. बदलतो तो पचनाचा वेग. शिजल्यावर मऊ, चिकट होणाऱ्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असतो आणि त्यामुळे साखर लवकर चढते. मोकळ्या शिताचा बासमती त्या मानाने सावकाश पचतो. कोकणात व गोव्यात खाल्ला जाणारा उकडा तांदूळही या बाबतीत साध्या पांढऱ्यापेक्षा सरस ठरतो, कारण टरफलासकट उकडून वाळवताना त्यातला स्टार्च काहीसा घट्ट बसतो. हातसडीचा तांदूळ घ्यायचा असेल तर एका वेळी किलोभरच घ्यावा. कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो, आणि खवट वास आला की घरातले ‘हा आजाऱ्याचा तांदूळ’ म्हणून तो बाजूला टाकतात.

पण हे सगळे फरक प्रमाणापुढे लहान आहेत. ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा साधारण एक छोटी वाटी भात होतो आणि त्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके येतात. ‘शुगर फ्री तांदूळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीतून कोणी दोन वाट्या भात खाल्ला, तर पिशवीवरच्या शब्दाचा उपयोग काय?

पीठ. गव्हाच्या पिठात कर्बोदके १०० ग्रॅमला सुमारे ६५, ज्वारीत आणि नाचणीतही जवळपास तितकीच. ज्वारी-बाजरी खाल्ली की साखर वाढत नाही, हा समज इथेच कोसळतो. शिवाय पोळी २५ ते ३० ग्रॅम पिठाची असते, तर भाकरी थापताना सहज ५० ते ७० ग्रॅम पीठ घेतले जाते. म्हणजे एक भाकरी ही दोन पोळ्यांच्या बरोबरीची. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याची साखर चढली, तर त्यात ज्वारीचा दोष नाही. तरी ज्वारी यादीत ठेवावी: तंतू भरपूर असतात, भाजीआमटीबरोबर एका भाकरीत पोट भरते. नाचणीचे सत्त्व मात्र वेगळे. ते बारीक, गाळलेले पीठ असते आणि त्याची पातळ खीर झपाट्याने पचते, म्हणून नाचणी भाकरीच्या रूपात बरी.

पिठासाठी गिरणी हाताशी असेल तर तीच चांगली. तीन किलो गव्हात अर्धा किलो हरभरे घालून जरा जाडसर दळून आणावे आणि कोंडा चाळून टाकू नये. तयार ‘मल्टिग्रेन’ आटा घेताना घटकांची यादी वाचावी. भारतात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला गहू आणि बाकी धान्ये शेवटी दोन-दोन टक्के, असे दिसले तर तो गव्हाचाच आटा आहे, फक्त महाग.

न्याहारी. मराठी घरातली कोंडी इथेच होते, कारण पोहे, उपमा आणि साबुदाण्याची खिचडी हे तिन्ही मूलतः स्टार्च. साबुदाणा यादीतून काढून टाकलेलाच बरा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि उपवास हे त्याला कारण पुरत नाही. पोहे ठेवावेत, पण माणशी ४० ग्रॅम कोरडे मोजून, त्यात मटार, मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे घालून. रव्याच्या जागी लापशीचा रवा आणावा. यादीत नव्याने यायला हवेत ते मूग, मूगडाळ आणि अंडी: मुगाची धिरडी, आम्लेट, उसळ. ओट्स घ्यायचे तर साधे सपाट ओट्स. मसाला लावलेली झटपट पाकिटे बारीक चुरलेली आणि खारट असतात. कॉर्नफ्लेक्सचे खोके न आणलेलेच चांगले.

मधल्या वेळचे. चहासोबत खारी, टोस्ट, मारी ही सवय भातापेक्षा चिवट. ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटांच्याही घटकांत बहुधा मैदा, पामतेल आणि साखर असते. ‘साखरविरहित’ पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेले आढळले तर ते परत ठेवावे, कारण ते ग्लुकोजइतक्याच वेगाने रक्तात उतरते. चुरमुरे हलके लागतात, पण कोरड्या वजनाच्या बहुतांश ते कर्बोदकेच. त्यांच्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, ताक. गूळ आणि मध हे साखरेच्याच रांगेत बसतात.

एक नमुना पाहू. पुण्यातले दोघांचे घर. पन्नाशीचे गृहस्थ, एचबीए१सी ८.१, औषध फक्त मेटफॉर्मिन. आधीच्या महिन्याची यादी: तांदूळ ५ किलो, गव्हाचे पीठ ८ किलो, साखर ३ किलो. म्हणजे माणशी रोज ८३ ग्रॅम तांदूळ, १३३ ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम साखर. नवी यादी: तांदूळ २ किलो, गहू ४, ज्वारी ३, साखर पाहुण्यांपुरती अर्धा किलो. आता दुपारी दोन पोळ्या आणि वाटीभर भात, रात्री ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी. पीठ थोडेच घटले, पण तांदूळ आणि साखर मिळून दिवसाची माणशी कर्बोदके जवळजवळ ८० ते ९० ग्रॅमने कमी झाली. ती पोकळी भरायला मूग, मटकी, हरभरे, शेंगदाणे यांचे तीन-चार किलो यादीत चढतात. ही भर घातली नाही तर रात्री नऊला टोस्टचा डबा उघडतो.

यादी जमली की नाही हे ग्लुकोमीटर सांगतो: जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकेक चाचणी. दोन तासांचा आकडा साधारणपणे १८० च्या आत असावा; डॉक्टरांनी वेगळे लक्ष्य दिले असेल तर ते मानावे. एकच पदार्थ दोनदा तपासूनही आकडा वर गेला, तर तो पदार्थ सोडण्याआधी त्याचे माप अर्धे करून पाहावे.

एक जिन्नस मात्र नव्या यादीत ठळक लिहावा: ग्लुकोज पावडर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्याने भात-साखर एकदम कमी केली, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. म्हणून यादी बदलण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांना विचारावा. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसली आणि आकडा ७० खाली असला, तर शुद्धीवर असलेल्याला १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळी आणि कडधान्ये वाढवण्याचा हा भाग आहारतज्ज्ञाला दाखवूनच अमलात आणावा.