हर्निया कोणता, हे एक धमनी ठरवते

कळमन्याच्या धान्यबाजारात पोती वाहणारा पंचावन्न-साठीचा हमाल घ्या. उजव्या जांघेत फुगा येतो. दिवसभर काम केलं की तो खाली अंडकोशापर्यंत उतरतो आणि रात्री आडवं झालं की नाहीसा होतो. "झोपलो का जाते ना आतमधी, मंग कायले दाखवायचं?" असं म्हणत त्यानं दोन वर्षं काढलेली असतात. नागपुरात 'मेडिकल' किंवा 'मेयो'च्या सर्जरी ओपीडीत असा पेशंट नेहमीचाच. परीक्षेच्या दिवशी शॉर्ट केस म्हणून विद्यार्थ्यासमोर झोपवला जातो तोही बहुतेक हाच. परीक्षक विचारतात, "इनडायरेक्ट की डायरेक्ट?" आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतात, "कशावरून?"

हा 'कशावरून' कळायला आधी वाट कळली पाहिजे. पुरुषाचं वृषण तयार होतं पोटात, कमरेच्या उंचीवर. जन्माच्या आधी ते खाली अंडकोशात उतरतं, आणि त्यासाठी पोटाच्या भिंतीतून तिरकी जाणारी साधारण चार सेंटिमीटरची वाट म्हणजे इंग्वायनल कॅनॉल. तिचं आतलं दार म्हणजे डीप रिंग, बाहेरचं दार म्हणजे सुपरफिशियल रिंग. महालातल्या जुन्या वाड्यात बाहेरचा दरवाजा आणि आतला दरवाजा एका रेषेत नसतात, तशीच इथली रचना. पोटातला दाब वाढला की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वाट आपोआप मिटते. तान्ह्या बाळात मात्र ही वाट आखूड असते आणि दोन्ही दारं जवळजवळ समोरासमोर येतात, म्हणून तिथं हे संरक्षण तोकडं पडतं.

भिंतींची यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवावी: ज्या जागी समोर दार आहे, त्याच्या मागची भिंत जाड आहे, आणि ज्या जागी मागे दार आहे, त्याच्या पुढची भिंत जाड आहे. पुढची भिंत पूर्ण लांबीभर एक्स्टर्नल ऑब्लिकच्या पांढऱ्या चिवट पडद्याची असते. बाहेरच्या बाजूला, म्हणजे कमरेच्या हाडाकडे, डीप रिंगसमोर, तिला इंटर्नल ऑब्लिक स्नायूचा आधार मिळतो. मागची भिंत ट्रान्सव्हर्सालिस फॅसिया या पातळ पडद्याची, आणि आतल्या बाजूला, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडे, सुपरफिशियल रिंगच्या मागे, तिला कॉन्जॉइंट टेंडनचा आधार. छताला इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस यांची कमान, जमिनीला इंग्वायनल लिगामेंटची पन्हळ. खोकताना ती कमान खाली येते आणि झडप पाडल्यासारखी वाट बंद करते. या कमानीच्या स्नायूंना चालवणारी इलिओइंग्वायनल नर्व्ह अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये दुखावली तर पुढे त्याच बाजूला डायरेक्ट हर्निया होऊ शकतो. तो का, हे या कमानीवरूनच सांगता येतं.

आता धमनी. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या एक्स्टर्नल इलिअॅक धमनीतून एक फांदी निघते आणि डीप रिंगच्या आतल्या कडेला अगदी लागून वर पोटाच्या सरळ स्नायूकडे जाते. तिचं नाव इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक. हर्नियाची पिशवी तिच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे डीप रिंगमधून आली तर तो इनडायरेक्ट. आतल्या बाजूने, मागची भिंत ढकलत आली तर डायरेक्ट. ही आतली जागा म्हणजे हेसलबाखचा त्रिकोण: बाहेरून हीच धमनी, आतून रेक्टस स्नायूची कड, खालून इंग्वायनल लिगामेंट.

दोघांची कारणंही वेगळी. वृषण उतरताना पोटाच्या अस्तराची एक नळी सोबत ओढली जाते. ती जन्माच्या सुमारास मिटायला हवी. उघडी राहिली तर तीच इनडायरेक्ट हर्नियाची तयार पिशवी. उजवं वृषण उशिरा उतरतं, म्हणून उजवीकडे प्रमाण जास्त. डायरेक्टमध्ये जन्मजात काही नसतं, मागची भिंत झिजते. म्हातारपण, जुना खोकला, लघवीसाठी कुंथणं, वर्षानुवर्षं ओझं. पिशवीचं तोंड रुंद असल्यामुळे आतडं तिथं क्वचितच आवळलं जातं, आणि ती सहसा अंडकोशात उतरत नाही.

परत हमालाकडे. आधी त्याला उभं करायचं. झोपलेल्या पेशंटमध्ये हर्निया शोधणाऱ्या विद्यार्थ्याकडे परीक्षक ज्या नजरेने पाहतात ती विसरता येत नाही. "काका, तोंड तिकडे करून खोका बरं." फुगा वर येतो. मग जघनाच्या हाडावरचा उंचवटा, प्युबिक ट्युबर्कल, बोटाने शोधायचा. फुगा त्याच्या वर आणि आतल्या बाजूला असेल तर इंग्वायनल. खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फिमोरल, म्हणजे मांडीच्या वरच्या भागातला, जो अरुंद आणि ताठ कडांच्या वाटेने येत असल्याने लवकर आवळला जातो. फिमोरल बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, पण बायकांमध्येही सर्वांत जास्त दिसतो तो इंग्वायनलच. या प्रश्नावर बरेच जण घसरतात.

पुढे झोपवून फुगा आत सारायचा आणि डीप रिंगवर अंगठा दाबायचा. जागा कोणती? इंग्वायनल लिगामेंटच्या मध्यापासून साधारण सव्वा सेंटिमीटर वर. लिगामेंट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून प्युबिक ट्युबर्कलपर्यंत असतं. ट्युबर्कलऐवजी जघनाच्या हाडांच्या मधल्या सांध्यापर्यंत मोजलं की मिळतो तो मिड-इंग्वायनल पॉइंट, म्हणजे मांडीच्या धमनीची खूण. अंगठा तसाच ठेवून परत खोकायला सांगायचं. फुगा आला नाही तर इनडायरेक्ट, अंगठ्याच्या आतल्या बाजूला आला तर डायरेक्ट.

या काकांमध्ये मात्र अंगठा दाबल्यावर मोठा फुगा थांबतो, पण आतल्या बाजूला लिंबाएवढा एक उभार तरीही येतो. विद्यार्थी गोंधळतो, कारण त्याला दोनातलं एक उत्तर हवं असतं. इथे उत्तर दोन्ही: धमनीच्या दोन्ही बाजूंनी एकेक पिशवी, आणि मधोमध ती धमनी. याला पॅन्टालून हर्निया म्हणतात. एरवीही या चाचणीवर फार भिस्त ठेवू नये. अंगठा अर्धा सेंटिमीटर सरकला तरी निकाल उलटतो, आणि प्रौढांत उपचार दोन्हींचा जवळपास सारखाच असतो. परीक्षेत ती विचारतात, ती शरीररचना कळली का हे पाहायला.

खरा निकाल टेबलावर लागतो. कातडी, चरबी, मग एक्स्टर्नल ऑब्लिक तंतूंच्या दिशेने उघडायचा. त्याच्या खालीच इलिओइंग्वायनल नर्व्ह दिसते, ती जपायची. वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका नेणारी दोरी, म्हणजे स्पर्मॅटिक कॉर्ड, उचलून तिच्या आवरणांच्या आत शोधलं की इनडायरेक्ट पिशवी सापडते, कारण ती वृषणाच्याच वाटेने आलेली असते. डायरेक्ट पिशवी कॉर्डच्या मागे, आवरणांच्या बाहेर. ती सहसा उघडत नाहीत, नुसती आत सारतात, कारण तिच्या आतल्या बाजूला मूत्राशय ओढलेलं असू शकतं. मग मागच्या भिंतीवर जाळी: लिख्टेनस्टाइनच्या पद्धतीत ती ट्युबर्कलच्या पुढे थोडी जाईल अशी पसरतात, खालची कड इंग्वायनल लिगामेंटला टाचतात, आणि वरच्या टोकाला चीर देऊन दोन शेपट्या कॉर्डभोवती एकमेकींवर आणतात. एकाच जाळीने धमनीच्या दोन्ही बाजू झाकल्या जातात.

लहान मुलात मात्र जाळी बसवत नाहीत. तिथं भिंत धड असते, दोष फक्त उघड्या नळीत. म्हणून पिशवी मुळाशी बांधून कापली की काम झालं.