नोटीसचा पगार वेगळा, केलेल्या कामाचा पगार वेगळा

"ड्रायव्हरला काढलं, पण एक महिन्याचा पगार हातावर ठेवून काढलं." हे वाक्य कानावर आलं की मी लगेच विचारते, त्यात चालू महिन्याचे दिवस धरले होते की सोडले होते? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. त्यांच्या लेखी एक महिना दिला म्हणजे सगळं मिटलं. वर्षानुवर्षं तोच घोळ चालू आहे आणि त्यात दर वेळी पैसे बुडतात ते काम करणाऱ्याचे.

केलेल्या कामाचा पगार काय, हे सांगायची गरज नाही. दहा तारखेपर्यंत काम केलं तर दहा दिवसांचे पैसे. त्यात बाहेरगावच्या मुक्कामाचा राहिलेला भत्ता आणि त्याने खिशातून भरलेला टोल, पंक्चरचे पैसे मिळवा. हे त्याने आधीच कमावलेलं आहे, तुमच्याकडे फक्त द्यायचं राहिलं आहे.

नोटीसचा पगार ही पूर्णपणे दुसरी गोष्ट आहे. त्याचा मागे केलेल्या कामाशी काही संबंध नाही. "पुढच्या महिन्यापासून येऊ नका" असं आधी सांगितलं असतं तर त्या महिन्याभरात माणसाने दुसरं काम शोधलं असतं आणि तोवर त्याचा पगार चालू राहिला असता. तुम्ही ती मुदत दिली नाही, म्हणून तिच्या बदल्यात पैसे देता. मुदत पूर्ण दिली आणि त्याने ती काम करून भरली, तर नोटीसचे वेगळे पैसे लागत नाहीत. पंधरा दिवस आधी सांगितलं तर उरलेल्या पंधरा दिवसांचे द्यायचे. आज सांगून आजच थांबवलं तर पूर्ण महिन्याचे.

दोन्हींतला फरक कळायचा असेल तर सगळ्यात वाईट प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, किंवा घरातली चोरी सिद्ध झाली. अशा वेळी त्याच दिवशी थांबवलं आणि नोटीसचे पैसे नाकारले तर मला त्यात काही गैर वाटत नाही. पण त्या दिवसापर्यंतच्या कामाचे पैसे तेव्हाही द्यावेच लागतात. नुकसानीची भरपाई हवी असेल तर तो वेगळा वाद आहे, त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. नुसत्या संशयावर पगार अडवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

आता एक हिशोब मांडून बघू. ड्रायव्हरचा पगार 24,000 रुपये. 10 सप्टेंबरला संध्याकाळी गाडी लावल्यावर त्याला सांगितलं, उद्यापासून नको. ऑगस्टचा पगार दिलेला आहे. सप्टेंबरचे दहा दिवस, रोजचे 800 प्रमाणे 8,000. महाबळेश्वरच्या दोन मुक्कामांचा भत्ता 500 प्रमाणे 1,000. टोल आणि पंक्चर मिळून 350. कामाचे झाले 9,350. नोटीसचे 24,000. एकूण 33,350. जूनमध्ये त्याने 15,000 उचल घेतली होती, त्यातले 6,000 दोन पगारांतून कापून झाले, 9,000 राहिले. ते वजा करून हातात पडायला हवेत 24,350.

प्रत्यक्षात काय होतं? "एक महिन्याचे चोवीस, त्यातून उचल नऊ, हे घ्या पंधरा." मालकाला वाटतं आपण उदारपणे वागलो. कमी पडलेले 9,350 म्हणजे नेमके कामाचे पैसे. नोटीसच्या एका गोल आकड्याखाली ते दिसेनासे होतात, आणि नोकरी गेल्याच्या धक्क्यात उभा असलेला माणूस त्या क्षणी तोंडी हिशोब करू शकत नाही.

रोजचा दर काढताना आणखी एक घोटाळा होतो. तिसाने भागायचं असेल तर आठवड्याच्या सुट्टीसकट सगळे दिवस मोजायचे. फक्त कामाचे दिवस मोजायचे असतील तर सव्विसाने भागायचं. तिसाने भागून मधला रविवार वगळला की वरच्या हिशोबात दहाऐवजी नऊ दिवस होतात आणि 800 रुपये गायब होतात. भरपगारी सुट्टीला खाडा धरण्याचा हा प्रकार मला फार चीड आणतो.

"पण कायद्यात नोटीस कुठे लिहिली आहे?" असं हमखास विचारलं जातं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा आहे, नोंदणी आणि मदतीच्या योजनांसाठी. नोटीस किती द्यायची हे तो ठरवत नाही. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा वगळलेली आहे, त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराला मिळणारं नोटीसचं संरक्षण घरात येत नाही. म्हणून नोटीस ही कामावर ठेवताना जे ठरलं त्यावर अवलंबून असते, आणि काहीच ठरलं नसेल तर माझ्या मते एक महिना हेच किमान. केलेल्या कामाच्या पैशांना मात्र असं काही ठरलेलं असावं लागत नाही. ते सरळ देणं आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. ड्रायव्हरचा पगार तुमच्या कंपनीच्या खात्यातून जात असेल तर तो कंपनीचा नोकर ठरू शकतो, मग घरगुती सेवेची सबब पुढे करता येणार नाही.

धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या मावशींच्या बाबतीत मी नोटीसच्या पैशांपेक्षा प्रत्यक्ष मुदत पसंत करते. त्यांची चार-पाच घरं वेळेने एकमेकांत बसवलेली असतात. सकाळी नऊ ते दहाचं घर सुटलं तर त्याच इमारतीत त्याच वेळेचं घर मिळायला दिवस लागतात, आणि दूरचं मिळालं तर पुढची सगळी कामं मागे सरकतात. महिनाभर आधी सांगा, आणि नवीन काम बघायला त्या एखादा दिवस लवकर गेल्या तर खाडा लावू नका. त्यांना मधेच काम मिळालं तर अडवूही नका, त्या दिवसापर्यंतचे पैसे द्या. दिवाळी जवळ आली असेल तर बोनसचा वर्षातल्या महिन्यांप्रमाणे हिस्साही द्या. गणपती झाले की काढायचं म्हणजे बोनस वाचतो, हा हिशोब करणारी घरं मला माहीत आहेत.

रोख द्यायचे की यूपीआयने, तोंडी सांगायचं की चिठ्ठी द्यायची, हे फरक किरकोळ आहेत. पैसे शेवटच्या दिवशीच द्या, फार तर दोन दिवसांत. किल्ली परत मागायला हरकत नाही, पण आधार कार्ड किंवा लायसन्स हिशोब होईपर्यंत ठेवून घेऊ नका. सोसायटीच्या गेटवरची एन्ट्रीसुद्धा पैसे दिल्यावरच बंद करा, नाहीतर ते मागायला येणाऱ्यालाच वॉचमन अडवतो.

आणि "सर्व हिशोब मिळाला" एवढ्या एका ओळीवर सही घेऊ नका. ओळी सुट्या लिहा आणि त्यांना वाचून दाखवा:

सप्टेंबर 1 ते 10, कामाचे: 8,000
मुक्काम भत्ता, दोन रात्री: 1,000
टोल, पंक्चर: 350
नोटीसचा एक महिना: 24,000
उचल बाकी, वजा: 9,000
दिले: 24,350

दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे राहू द्या. एखादी ओळ त्यांना पटली नाही तर तेवढीच वादात ठेवा, बाकीचे पैसे त्याच वेळी देऊन टाका.