पायलट व्हायचंय: पैसे भरण्याआधी मेडिकल, कागदपत्रं आणि कर्जाचा हिशेब

धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर आणि जळगावच्या विमानतळावर प्रशिक्षणाची छोटी विमानं उडताना दिसू लागल्यापासून खान्देशातल्या घराघरांत हा विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्सला आहे, घराजवळच फ्लाइंग स्कूल आहे, मग पायलट का नको? प्रश्न रास्त आहे. अडचण होते ती क्रमाची. बहुतेक पालक आधी फ्लाइंग स्कूलचं बुकिंग भरतात, मग बँकेत जातात आणि मेडिकल सगळ्यात शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा हवा.

सुरुवात मेडिकलपासून. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय किमान १८ लागतं आणि विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचं क्लास १ मेडिकल लागतं. प्रशिक्षण मात्र क्लास २ वर सुरू करता येतं, आणि तिथेच फसगत होते. मुलगा क्लास २ मध्ये फिट निघतो, घरचे फी भरतात, आणि वर्षभराने क्लास १ मध्ये रंग ओळखण्याचा दोष, कानाचा किंवा हृदयाचा प्रश्न समोर येतो. चष्मा असला म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही, पण त्यालाही मर्यादा आहेत. क्लास २ डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे होतं, क्लास १ ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच. प्रवासासकट हा खर्च काही हजारांत भागतो. तो आधी करा. क्लास १ हातात येईपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच काळात डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढून घ्यावा. लेखी परीक्षेला तोच लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसेल तर हे विषय एनआयओएस या मुक्त शिक्षण बोर्डातून वेगळे देणारे बरेच जण आहेत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी मागतात, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती नाशिक विभागीय मंडळातून होते. इथे नावाचा घोळ नक्की तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे बसेल ते सांगता येत नाही. तिन्हीकडे नाव आणि स्पेलिंग एक करून घेतलं तर पुढे महिने वाचतात.

कॉम्प्युटर नंबर आला की आणखी एक शहाणपणाची पायरी आहे. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर मोठी फी भरण्याआधी देता येतात. प्रत्येकात ७० टक्के लागतात. कोचिंग क्लासची फी, पुस्तकं, राहणं धरून तीन-चार लाखांत मुलाला अभ्यास झेपतो का, त्याची ओढ टिकते का, हे कळतं. नाही झेपलं तर माघार घेता येते. पन्नास लाख भरल्यावर घेता येत नाही.

आता फ्लाइंग स्कूलची निवड. लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. संस्था वर्ष-सव्वा वर्षात होईल म्हणते. ते खरं धरायचं की नाही, हे तुम्ही स्वतः एका गणिताने तपासू शकता. चार प्रश्न विचारा: रोज प्रत्यक्ष उडणारी विमानं किती, एक विमान दिवसाला किती तास उडतं, महिन्यात किती दिवस उड्डाण होतं, आणि सध्या उडणारे विद्यार्थी किती. समजा कागदावर सहा विमानं आहेत, पण दुरुस्ती आणि तपासणीमुळे रोज चारच उडतात. प्रत्येक विमान साडेचार तास आणि महिन्यात २० दिवस उडालं, तर महिन्याला ३६० तास झाले. विद्यार्थी ६० असतील तर एकेकाच्या वाट्याला सहा तास येतात, आणि २०० तासांना तेहतीस महिने लागतील. तेच विद्यार्थी ३० असतील तर सतरा महिन्यांत काम होतं. आपल्याकडे पावसाळ्यात ढग असतात, एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेत नवख्याला उडता येत नाही, म्हणून महिन्याचे वीस दिवस हा आकडाही सगळं वर्ष मिळत नाही. इन्स्ट्रक्टर पुरेसे नसतील तर विमानं उभी राहतात, तेही विचारा. आणि मागच्या बॅचच्या तीन-चार मुलांना बाहेर चहाला भेटून प्रवेशाची तारीख आणि लायसन्सची तारीख विचारा. माहितीपत्रकापेक्षा या दोन तारखा जास्त सांगतात. डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणीही जाहीर करतं, ती पाहून घ्या.

फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे भरायची असं लेखी ठरवा. एकरकमी सवलतीच्या मोहात पडू नका. मध्येच सोडलं तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील हे करारात असायला हवं. कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ दिसली तर तीही विचारा. डीजीसीए मान्य संस्थेतले जे मान्य उड्डाण कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र डीजीसीएने बंधनकारक केलं आहे, त्यांना जीएसटी माफ असल्याचं ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. पन्नास लाखांवर १८ टक्के म्हणजे नऊ लाख होतात, म्हणून हे लेखी उत्तर मागण्यासारखं आहे.

बँकेकडे वळू. स्टेट बँकेसारख्या सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात डीजीसीए मान्य पायलट ट्रेनिंग बसतं. पीएम-विद्यालक्ष्मीशी मात्र याची गल्लत करू नका. ती योजना रँकिंगमधल्या निवडक उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, फ्लाइंग स्कूल सहसा त्यात येत नाहीत. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की सरकारी बँका तारण मागतात, आणि इथे खान्देशातला शेतकरी अडतो. दहा एकर काळी जमीन असूनही बँक नाही म्हणते. कारण शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू होत नाही, त्या कायद्याच्या कलम ३१ मध्येच ती वगळलेली आहे. कर्ज थकलं तर बँकेला कोर्टाबाहेर ती विकता येत नाही. म्हणून एनए प्लॉट, शहरातलं घर, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी पुढे करावी लागते. गावठाणातलं घर असेल तर नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा बहुधा पुरत नाही. स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर ते घेऊन जा. वडिलोपार्जित घरावर काका, आत्या यांची नावं असतील तर त्यांची संमती किंवा वाटणीपत्र लागेल, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

बाकी कागद असे लागतात: प्रवेशपत्र आणि टप्प्यांसह फीचं पत्रक, संस्थेच्या डीजीसीए मान्यतेची प्रत, गुणपत्रिका, मेडिकल, आई किंवा वडिलांचं सहकर्जदार म्हणून केवायसी, आणि उत्पन्नाचा पुरावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आयटीआर कोरा किंवा नाममात्र असतो. तेव्हा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, केळी किंवा कापूस विकल्याच्या पावत्या आणि पैसे जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट एकत्र ठेवा. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या महाज्योतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे.

आता खरा हिशेब. उदाहरणासाठी चोपडा तालुक्यातलं एक केळी उत्पादक कुटुंब धरू. फ्लाइंग स्कूलची फी ५० लाख, कोचिंग क्लास-परीक्षा-मेडिकल चार लाख, दोन वर्षं राहणं-खाणं चार लाख, असे ५८ लाख. नोकरीसाठी पुढे एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता लागते, त्याचे १७ लाख धरू. एकूण ७५ लाख. शहरातलं घर तारण ठेवून ४५ लाख कर्ज, ठेवी आणि सोनं मोडून ३० लाख घरचे.

व्याज ११ टक्के धरलं आणि कर्ज दोन वर्षांत टप्प्याने उचललं, तर शिकतानाचं साधं व्याज साधारण पाच लाख होतं. नंतरच्या एका वर्षाच्या सवलतीच्या काळात आणखी पाच लाख. म्हणजे हप्ता सुरू होताना ४५ चे ५५ लाख झालेले असतात. पंधरा वर्षांसाठी हप्ता साधारण ६२,५०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड साधारण एक कोटी साडेबारा लाख होते. शिकताना आणि सवलतीच्या वर्षातही व्याज भरत गेलात तर हप्ता ५१ हजारांच्या आसपास राहतो. जमत असेल त्यांनी हे जरूर करावं.

सवलतीच्या वर्षात नोकरी लागली आणि हातात महिना एक लाख वीस हजार आले, तर हप्ता जाऊन ५७ हजार उरतात. त्यात मुंबई-दिल्लीचं भाडं. चालतं, पण आईवडिलांचे ३० लाख परत यायला बरीच वर्षं जातील. बढती मिळून कॅप्टन झाल्यावर चित्र पालटतं, हे खरं आहे. मात्र त्याला वर्षं लागतात, आणि तोवरचा ताण घराला सोसावा लागतो.

नोकरी एक वर्ष उशिरा लागली तर? २०२३ मध्ये देशात १,६२२ सीपीएल दिले गेले, तो तेव्हाचा उच्चांक होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडून तिचे अनुभवी पायलट बाजारात आले. २०१९ ला जेट एअरवेजचं असंच झालं होतं. विमानं किती मागवली आहेत या बातमीवरून तुमच्या मुलाची भरती कधी होईल ते ठरत नाही. एक वर्ष उशीर म्हणजे साडेसात लाखांचे हप्ते घरातून, शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, दर वर्षी टिकवण्याचा आणि हात चालू ठेवण्याचा खर्च वेगळा. केळीचे पैसे कापणीला येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली आणि हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. वडील सहकर्जदार असल्याने त्यांचाही सिबिल स्कोअर पडतो, आणि पुढच्या हंगामाचं पीक कर्ज अडू शकतं.

म्हणून अर्ज करण्याआधी घरात बसून एकच चाचणी लावा. नोकरीशिवाय दोन वर्षं हप्ते भरायचे झाले, म्हणजे या उदाहरणात १५ लाख, तर ते शेत न विकता कुठून येतील? उत्तर मिळालं तर पुढे जा. नाही मिळालं तर कर्ज कमी करण्याचा मार्ग शोधा, किंवा मुलाला आधी पदवी करू द्या. सीपीएलला वयाची घाई नाही, आणि हातात पदवी असली तर मधल्या काळात दुसरी नोकरी तरी धरता येते.

आणि टाइप रेटिंगचे १७ लाख लायसन्स मिळाल्याबरोबर भरू नका. काही कंपन्या निवडीनंतर आपल्या व्यवस्थेतून ते करून घेतात, आणि तुम्ही केलेलं विमान त्यांच्या भरतीचं असेलच असं नाही. निवडीचं पत्र येईपर्यंत ही रक्कम मुदत ठेवीत ठेवा. नोकरी लांबली तर हप्त्यांसाठी तीच उपयोगी पडेल.