शटर नेमकं कुठे आहे, हे फक्त घड्याळावरून कसं ओळखायचं?

सोलापुरात नव्या पेठेसारख्या भागात पश्चिमेकडे तोंड असलेलं चादरी-टॉवेलचं दुकान असेल, तर मे महिन्यात दुपारी तीननंतर काचेमागच्या मालाला उन्हापासून वाचवणं हे रोजचंच काम. गडद लाल आणि निळे रंग आधी उतरतात. शटर पूर्ण पाडलं तर गिऱ्हाइकाला माल दिसत नाही, उघडं ठेवलं तर रंग जातो. म्हणून मधला मार्ग: तीन वाजता थोडं खाली, चारला आणखी खाली, ऊन कलेल तसतसं. सूर्य वर असतो तेव्हा शटरचा वरचा भाग पुरेसा असतो, आणि खालच्या फळ्यांवरचा माल रस्त्यावरून दिसत राहतो.

हे काम मोटरवर सोपवायचं, तर तिला 'चाळीस टक्क्यांवर थांब' असं सांगता यायला हवं. अडचण अशी की, अशा शटरच्या रोलरमध्ये बसणारी नळीसारखी साधी मोटर आपण कुठे आहोत हे बाहेर कळवतच नाही. तिच्या पोटात वरच्या आणि खालच्या टोकाला आपोआप थांबण्याची व्यवस्था असते, पण त्या थांब्यांची वायर बाहेर येत नाही. बाहेर येतात फक्त न्यूट्रल, 'वर'ची फेज, 'खाली'ची फेज आणि अर्थिंग. कंट्रोलरने दोन रिलेंनी यांतली एक फेज चालू करायची, एवढंच त्याच्या हातात. मग तो एकच गोष्ट मोजू शकतो: वीज किती सेकंद दिली.

पाच फुटी, म्हणजे साधारण १५०० मिलिमीटर उंचीचं ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटर घेऊ. पूर्ण वर जायला १९.६ सेकंद आणि पूर्ण खाली यायला १८.४ सेकंद लागतात असं धरू. वर जाताना वजन उचलायचं असतं, खाली येताना तेच वजन मदत करतं, म्हणून हा फरक. कंट्रोलर मनात एक आकडा धरून असतो, शून्य म्हणजे बंद आणि शंभर म्हणजे उघडं. वरची फेज जितके सेकंद चालू, त्याला १९.६ ने भागायचं, शंभरने गुणायचं आणि आकड्यात मिळवायचं. खालची चालू असेल तर १८.४ ने भागायचं, तसंच शंभरने गुणायचं आणि वजा करायचं. सगळी युक्ती एवढीच आहे.

आता हे दोन वेगळे आकडे न भरता, घाईत दोन्हीकडे १९ सेकंद भरले तर काय होतं ते पाहा. अर्ध्या प्रवासासाठी कंट्रोलर ९.५ सेकंद वीज देणार. वर जाताना तेवढ्या वेळात शटर खरं ४८.५ टक्के चढतं, खाली येताना ५१.६ टक्के उतरतं. प्रत्येक वर-खाली फेरीत शटर तीन टक्के, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर खाली सरकतं, आणि कंट्रोलरला वाटतं आपण होतो तिथेच आहोत. ऑगस्टमध्ये ढग येतात-जातात, शटर दिवसभर वर-खाली होतं. पाच फेऱ्या झाल्या की मालक म्हणणारच, "ओ, सकाळी निम्म्यावर लावलं तर निम्म्यावर असतंय, संध्याकाळी बघावं तर वीतभर खाली!" वीतभर म्हणजे नऊ इंच, आणि हिशेबही तेवढाच येतो.

चूक सगळी एकाच दिशेला साठली, तर दोन वेळांचे आकडे वेगळे भरलेले नाहीत किंवा चुकीचे मोजलेत असं समजावं. कधी वर कधी खाली अशी विखुरलेली असेल, तर कारण वेगळं असतं. हे ओळखायला मीटर टेप पुरते. तीस आणि सत्तर टक्क्यांच्या मधे शटर काही वेळा खाली-वर करायचं आणि प्रत्येक वेळी सत्तरवर थांबलं की खालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवायची.

विखुरलेल्या चुकीचा एक मोठा भाग सुरुवात आणि शेवट यांतून येतो. रिले लागतो, मोटर आपल्या गतीला येते, ब्रेक सुटतो, यात सेकंदाचा एखादा दशांश जातो. वीज तोडल्यावर ब्रेक पकडेपर्यंतही ती थोडी फिरते. लांब प्रवासात हे जाणवत नाही. पण शटर पाच टक्के हलवायचं, म्हणजे सेकंदभराची हालचाल, आणि त्यातले ०.१५ सेकंद असे गेले तर सातवा हिस्सा हुकला. उन्हाच्या मागे मागे दर पाच मिनिटांनी शटर चिमूटभर हलवणं म्हणूनच सगळ्यात वाईट. तासाला एकदा, पण मोठी हालचाल बरी.

दुसरा भाग व्होल्टेजचा. या मोटरी इंडक्शन जातीच्या असतात, त्यांची चाल मुख्यतः विजेच्या ५० हर्ट्झवर ठरते. म्हणून व्होल्टेज पडलं तरी मोटर पंख्यासारखी मंदावत नाही, आणि म्हणूनच वेळ मोजून काम भागतं. पण थोडा फरक पडतोच. अशा मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. २३० चे १९० व्होल्ट झाले तर जोर ६८ टक्क्यांवर येतो, तेच वजन उचलायला मोटर जरा जास्त मागे पडते, आणि वर जायचा वेळ तीन-चार टक्क्यांनी वाढू शकतो. उन्हाळ्यात सगळीकडे कूलर चालू असताना वेळ मोजली आणि हिवाळ्यातल्या सकाळी ताडून पाहिली, तर फरक दिसेल.

मोजणीत नसलेली चूकही असते: शटर गुंडाळताना रोलर जाड होत जातो. आपल्या उदाहरणात रोलरचा व्यास ६० मिलिमीटर आणि पट्टीची जाडी ९ मिलिमीटर धरू. `n` वेढ्यांनी उचललेली उंची साधारण अशी निघते:

`h = π · n · (d + n · t)`

`d` म्हणजे रोलरचा व्यास, `t` म्हणजे पट्टीची जाडी. १५०० मिलिमीटरला ४.७ वेढे लागतात आणि शेवटी गुंडाळीचा व्यास १४४ मिलिमीटर होतो. म्हणजे पहिल्या वेढ्याच्या मानाने शेवटी शटर दुपटीहून जास्त वेगाने चढतं. अर्ध्या वेळेला ते फक्त ४० टक्के उंचीवर असतं, आणि अर्ध्या उंचीला पोचायला ६० टक्के वेळ लागतो. वेळ अगदी बिनचूक मोजली तरी '५० टक्के' म्हटल्यावर शटर पंधरा सेंटिमीटर खालीच थांबणार. ही चूक साठत नाही, रोज तेवढीच राहते, म्हणून वरच्या सूत्राने सोडवून टाकता येते. शिवाय पट्ट्यांमधल्या फटी आधी ताणल्या जातात, त्यामुळे बंद शटरची खालची पट्टी पहिला सेकंदभर जागची हलतच नाही. कापडी पडद्यात जाडी अर्ध्या मिलिमीटरची असते, तिथे हा प्रकार खूप सौम्य होतो.

साठणाऱ्या चुकीवर मात्र उपाय एकच, टोकाला जाऊन येणं. डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसाला भिंतीला हात लागला की मागची सगळी चूक पुसली जाते, तसंच हे. 'पूर्ण उघड' किंवा 'पूर्ण बंद' असा हुकूम आला की कंट्रोलरने मनातला आकडा विचारातच घ्यायचा नाही. ९० वर आहोत असं वाटत असलं तरी दोन सेकंद न देता पूर्ण १९.६ आणि वर दोन सेकंद द्यायचे. मोटर टोकाला पोचली की तिच्या पोटातला थांबा तिला बंद करतो, उरलेली वीज वाया जात नाही आणि मोटर तापतही नाही. मग आकडा सरळ १०० लिहायचा. असे छोटे कंट्रोलर चालवणाऱ्या ESPHome या सॉफ्टवेअरमध्ये हेच एका ओळीने सांगतात:

```yaml
cover:
  - platform: time_based
    name: "Show window"
    open_action:
      - switch.turn_on: up_relay
    open_duration: 19.6s
    close_action:
      - switch.turn_on: down_relay
    close_duration: 18.4s
    stop_action:
      - switch.turn_off: up_relay
      - switch.turn_off: down_relay
    has_built_in_endstop: true
```

शेवटची ओळ असली की पूर्ण उघड-बंदच्या हुकमाला कंट्रोलर स्वतःच्या अंदाजावर विसंबत नाही आणि वेळ संपली म्हणून वीजही तोडत नाही. दोन्ही रिले एकाच वेळी लागू नयेत म्हणून त्यांच्यात `interlock` आणि दिशा बदलताना अर्ध्या सेकंदाची `interlock_wait_time` घालायलाच हवी. दोन्ही फेज एकत्र मिळाल्या तर मोटर आणि तिचा कपॅसिटर दोघांनाही मार बसतो.

ही ओळ फक्त तेव्हाच लावा जेव्हा मोटरला स्वतःचे थांबे आहेत आणि ते नीट बसवलेत याची हाताने खात्री केली आहे. थांबा नसेल तर वरच्या टोकाला मोटर अडकून तापते आणि आतलं थर्मल स्विच तिला बंद करतं. ओळखायची खूण म्हणजे शटर एकदम मेल्यासारखं होतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी, काही न करता, पुन्हा चालू होतं. खालच्या टोकाला तर विचित्रच घडतं: पट्ट्या एकमेकांवर बसतात, रोलर फिरत राहतो, आणि शटर उलटं गुंडाळून पुन्हा वर चढायला लागतं.

दुकानाच्या बाबतीत टोक रोज आपसूक गाठलं जातं. रात्री शटर पूर्ण बंद होतं, सकाळी पूर्ण उघडतं, त्यामुळे चूक फक्त त्या दिवसापुरती साठते. ढगाळ दिवसांसाठी मी एक शिस्त पाळायला सांगतो: मधल्या कुठल्याही जागेवर जायचं तर आधी पूर्ण वर, मग तिथून खाली. वीस सेकंद जास्त जातात, पण प्रत्येक वेळी चूक एकाच उताराची राहते, आधीच्या हालचालींची त्यात भर पडत नाही. घरातल्या खिडकीला एवढा आवाज नको असेल, तर दहा मधल्या हालचालींनंतर एकदा जवळच्या टोकाला जाऊन येणंही चालतं. आणि भिंतीवरचं जुनं बटण थेट मोटरला जोडलेलं असेल तर ते काढून कंट्रोलरमधून घ्या. त्याच्या नकळत कोणी शटर हलवलं, तर सगळा हिशेब गेला.

सगळ्यात जास्त विचार लागतो तो वीज गेल्यावर काय करायचं याला. शटर अर्ध्या वाटेत असताना वीज गेली, तर परत आल्यावर कंट्रोलरकडचा आकडा खोटा असतो. तेव्हा आकडा 'माहीत नाही' असा ठेवायचा आणि टोकाला जाऊन यायचं. दिवसा हे वर जाऊन करावं, कारण खाली येणाऱ्या शटरखाली काय किंवा कोण असेल सांगता येत नाही. पण रात्री दोनला वीज आली आणि शटर आपोआप उघडलं, तर मालाची राखण कोण करणार? म्हणून दुकानाच्या कंट्रोलरने वीज आल्याआल्या काहीच हलवायचं नाही. सकाळी माणूस स्वतः समोर उभा राहून बटण दाबेल, तेव्हाच पहिला हुकूम 'पूर्ण वर' असा जाईल आणि आकडा तिथून पुन्हा सुरू होईल.