शिपाईमामांचं मनगटी घड्याळ आणि न गेलेला फी रिमाइंडर

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ज्या शाळेचं फीचं सॉफ्टवेअर आम्ही बघतो तिथल्या अ‍ॅडमिन मॅडमचा फोन आला. दर सोमवारी बरोबर नऊला फी बाकी असलेल्या पालकांना एसएमएस जातो, आज एकालाही गेला नाही, आणि शुक्रवारी फीची शेवटची तारीख. "सर्व्हर बंद आहे का?" नाही, सर्व्हर चालू होता. "मग एसएमएसवाल्यांनी अडवले का?" हा प्रश्न मात्र बरोबर होता, कारण रिमाइंडर न जाण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. निघाला पण वाटेत अडकला, किंवा मुळात निघालाच नाही.

हे ओळखायला आमच्याकडे एक टेबल आहे, कुणाला किती वाजता पाठवला आणि पुढून काय उत्तर आलं ते त्यात पडतं. वाटेत अडकला असता तर "नाकारला" असं लिहिलेल्या ओळी दिसल्या असत्या. आजच्या तारखेची एकही ओळ नव्हती, म्हणजे पाठवणारा प्रोग्राम सुरूच झाला नव्हता. आता प्रश्न राहिला तो त्याला उठवणाऱ्याचा.

उठवणारा म्हणजे क्रॉन. लिनक्स सर्व्हरवर मागे बसलेला एक छोटा प्रोग्राम, दर मिनिटाला जागा होतो, घड्याळ बघतो, यादीत या मिनिटाचं काही काम आहे का ते तपासतो आणि परत झोपतो, बस एवढंच. यादीत आपल्या रिमाइंडरची ओळ अशी आहे:

```
0 9 * * 1 /opt/fees/reminder.sh
```

शून्य मिनिटं, नऊ तास, तारीख कुठलीही, महिना कुठलाही, वार १ म्हणजे सोमवार. ओळ बरोबर होती, फाइलही जागेवर होती. हाताने `date` टाकून बघितलं तर भारतीय वेळ, अगदी मिनिटाला मिनिट बरोबर.

मग आठवलं की शनिवारी आम्ही नवीन सर्व्हरवर शिफ्ट झालो होतो. भाड्याचे सर्व्हर येतात ते बहुतेक यूटीसीवर लावलेले येतात, म्हणजे लंडनमधल्या ग्रीनिचच्या रेखांशावरची जी जागतिक वेळ धरतात ती, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आमच्या ऑफिसातल्या मुलाने ते शनिवारी रात्रीच पाहिलं होतं आणि लगेच दुरुस्तही केलं होतं:

```
timedatectl set-timezone Asia/Kolkata
```

मी हे सांगितल्यावर मॅडमनी जे विचारलं ते मी विचारलं असतं तर मला अभिमान वाटला असता. "मग घड्याळ बरोबर झालं ना, तरी का नाही गेला?"

इथे मी त्यांना त्यांच्याच शाळेतलं उदाहरण दिलं. समजा ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. शिपाईमामा ड्युटीवर आले, त्यांनी भिंतीकडे बघून आपलं मनगटी घड्याळ लावून घेतलं आणि घंटेपाशी जाऊन बसले. नंतर कुणीतरी स्टूल घेऊन भिंतीवरचं घड्याळ नीट केलं. ऑफिसात आता जो येईल त्याला वेळ बरोबर दिसणार, पण मामा काय परत भिंतीकडे बघत नाहीत, ते मनगट बघूनच घंटा देणार. क्रॉन हा तो मामा. सुरू होताना तो टाइमझोनची फाइल एकदा वाचतो आणि तेच धरून बसतो, मागून फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो. `date` मात्र दरवेळी नव्याने सुरू होतो, नव्याने फाइल वाचतो, म्हणून तो खरं सांगतो आणि आपली फसवणूक होते.

हा नुसता अंदाज नव्हता, याचा पुरावाही मिळाला. आमच्या सर्व्हरवर रोजची साफसफाई सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी होते, ती वेळ सिस्टिमबरोबरच ठरून येते. `journalctl -u cron` टाकून रविवारची नोंद काढली तर ती सफाई ११ वाजून ५५ मिनिटांनी झालेली. वजाबाकी करा, बरोबर साडेपाच तास. मला तर हा फरक दिसला की बाकी काही शोधावंसंच वाटत नाही, कारण भारतात साडेपाच तासांची चूक म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा टाइमझोनच. (वेळेवरून गोंधळ काही नवा नाही म्हणा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या १ जानेवारीला लागू झाली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली स्थानिक "बॉम्बे टाइम" १९५५ पर्यंत वापरात होती, म्हणजे एकाच शहरात घड्याळं दोन.)

म्हणजे गंमत बघा, रिमाइंडर चुकला नव्हताच, उशिरा येणार होता. क्रॉनच्या मनगटावर तेव्हा पहाटेचे सहाही वाजले नव्हते, त्याचे नऊ आपल्या दुपारी अडीचला वाजणार होते, काहीही न करता बसलो असतो तर अडीचला सगळे मेसेज आपोआप गेले असते. आणि इथेच माणूस घाईत दुसरी चूक करतो. कारण सापडलं म्हणून लगेच क्रॉन रीस्टार्ट करायचा, मग त्याच्या घड्याळात साडेअकरा वाजतात, नऊ तर होऊन गेलेले, आणि क्रॉन गेलेली वेळ भरून काढत नाही. गेलं ते गेलं, आता थेट पुढच्या सोमवारी नऊला, आणि तोवर फीची तारीख उलटून गेलेली. उलट रीस्टार्ट न करता नुसतं हाताने पाठवलं तर अडीचला तेच मेसेज दुसऱ्यांदा, आणि मग पालकांचे फोन मॅडमना, मला नाही.

म्हणून दोन्ही करायचं, आणि ओळीने करायचं. आधी `systemctl restart cron`, म्हणजे अडीचची टांगती तलवार गेली. मग रिमाइंडर हाताने चालवायचा, पण त्याआधी यादी ताजी करून, कारण सकाळपासून सातजणांनी फी भरली होती आणि भरून झाल्यावर "आपली फी बाकी आहे" असा मेसेज आला की माणूस किती चिडतो ते काउंटरवर बसणाऱ्याला विचारा. १२ वाजून १० मिनिटांनी मेसेज निघाले.

मॅडमचा शेवटचा प्रश्न थोडा टोचला. "मला पालकांच्या आधी कळलं, तुम्हाला का नाही कळलं?" खरंय. प्रोग्राम चालू होऊन पडला तर आम्हाला मेल येतो, पण चालूच झाला नाही तर मेल पाठवणार कोण? न घडलेली गोष्ट स्वतःहून तक्रार करत नाही. त्यावर उपाय एकच, उलटा अलार्म. रिमाइंडरने काम झाल्यावर दुसऱ्या एका मशीनला "झालं" म्हणून निरोप द्यायचा, आणि सोमवारी सव्वानऊपर्यंत तो निरोप आला नाही तर त्या मशीनने माझा फोन वाजवायचा. मशीन दुसरंच हवं, त्याच सर्व्हरच्या क्रॉनवर ही राखण ठेवली तर घड्याळ चुकलेल्या मामांनाच घड्याळ तपासायला सांगितल्यासारखं होईल.

दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी मॅडमचा मेसेज आला, "परत नाही ना गेले?" मी टेबल उघडून बघितलं. १२ वाजून १० मिनिटांच्या ओळी होत्या, त्यानंतर एकही नव्हती.