भाडेकरूच्या अर्जाची पडताळणी : निर्णय कसा ठरतो

घरमालकांसाठी माहितीपत्रक

आपले घर भाड्याने देण्यासाठी आलेला अर्ज आम्ही आपणच ठरवलेल्या नियमांवर तपासतो आणि ‘मंजूर’, ‘अटीसह मंजूर’, ‘माहिती अपुरी’ किंवा ‘नामंजूर’ यांपैकी एक निर्णय कारणासह लेखी कळवतो. नियम आपले असतात. मात्र ते अर्ज येण्यापूर्वीच नेमक्या शब्दांत लिहून घ्यावेत, असा आमचा आग्रह असतो. नियम मोघम असला, तर एकाच अर्जाचे दोन निकाल लागू शकतात, आणि हे सर्वाधिक घडते ते उत्पन्नाच्या बाबतीत.

‘उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे’ हा नियम सर्रास वापरला जातो. समजा, मासिक भाडे २०,००० आहे, म्हणजे उत्पन्न किमान ६०,००० हवे. अर्ज एका दांपत्याचा आहे. पतीचा कपातीपूर्वीचा पगार ४१,००० असून हातात ३६,५०० येतात. पत्नीचा शिवणकामाचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि खर्च वजा जाता गेल्या बारा महिन्यांत त्यातून २,५२,००० मिळाले, म्हणजे महिन्याला सरासरी २१,०००. कपातीपूर्वीचा पगार धरला तर दोघांचे मिळून ६२,००० होतात, म्हणजे भाड्याच्या ३.१ पट, आणि अर्ज नियमात बसतो. हातात येणारा पगार धरला तर बेरीज ५७,५०० होते, प्रमाण २.८७५ पटीवर येते आणि तोच अर्ज नियमाबाहेर जातो. म्हणून उत्पन्न कपातीपूर्वीचे धरायचे की हातात येणारे, हे आम्ही आपल्याकडून आधीच लिहून घेतो. जोडीदारांचे उत्पन्न एकत्र धरायचे असल्यास दोघांच्याही सह्या भाडेकरारावर हव्यात, कारण जी व्यक्ती करारात नाही तिच्या उत्पन्नावर आपला कोणताही हक्क पोहोचत नाही. व्यवसायाच्या उत्पन्नासाठी आम्ही अलीकडचे दोन-तीन महिने न पाहता पूर्ण वर्षाची सरासरी घेतो. तेजीचे तीन महिनेच पाहिले, तर आकडा फुगतो आणि मंदीच्या काळात भाडे थकते. पगारपत्रकावरील रक्कम बँकेच्या खातेउताऱ्यात त्याच सुमारास जमा झालेली दिसते का, हेही आम्ही ताडून पाहतो.

पूर्वीच्या घरमालकाच्या अभिप्रायाबाबत थोडी सावधगिरी लागते. सध्याच्या घरमालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल, तर तो भरभरून कौतुक करण्याची शक्यता असते, म्हणून शक्य तेथे आम्ही त्याच्याही आधीच्या घरमालकाशी बोलतो. ‘माणसे कशी आहेत’ असे न विचारता राहण्याचा कालावधी, भाड्याची रक्कम, किती वेळा आणि किती दिवस उशीर झाला व घर सोडताना काही बाकी राहिली का, एवढेच विचारतो. मिळालेली उत्तरे अर्जातील मजकुराशी जुळली नाहीत, तर निर्णय घेण्यापूर्वी अर्जदाराला खुलासा करण्याची संधी देतो. पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्या व्यक्तीकडे असा अभिप्राय असूच शकत नाही. अशा अर्जासाठी जामीनदार किंवा नोकरीच्या ठिकाणचा दाखला चालेल का, हे नियमातच नमूद असावे. तसे नमूद नसेल, तर केवळ अभिप्राय नाही म्हणून आम्ही अर्ज नामंजूर करत नाही, तर ‘माहिती अपुरी’ असे कळवून आपला निर्णय मागवतो.

वरील दांपत्याने अर्जात तीन रहिवासी दाखवले होते : ते दोघे आणि त्यांचे मूल. आधीच्या घरमालकाशी बोलताना मात्र तेथे चार जण राहत असल्याचे समजले. विचारणा केल्यावर, पतीच्या आई वर्षातले पाच महिने सलग त्यांच्याकडे राहतात, असा खुलासा मिळाला. त्यांनी हे लपवले असे आम्ही मानले नाही, कारण सतत ये-जा असणाऱ्या माणसाला घरचे लोक पाहुणे समजतात आणि अर्जात ‘रहिवासी’ म्हणजे कोण, हे स्पष्ट केलेले नव्हते. या घराचा नियम ‘सलग ३० दिवसांहून अधिक राहणारी प्रत्येक व्यक्ती रहिवासी, लहान मुलेही धरून, कमाल चार’ असा होता. त्याप्रमाणे संख्या चार झाली आणि मर्यादेत राहिली.

घरमालकांनी कपातीपूर्वीचा पगार धरण्याचे आधीच लिहून दिले होते, आणि दोन वर्षांत दोनदा झालेला प्रत्येकी चार दिवसांचा उशीर त्यांच्या सात दिवसांच्या सवलतीत बसत होता. म्हणून ‘अटीसह मंजूर’ असा निर्णय देण्यात आला. अट एवढीच, की दोघांनी करारावर सह्या कराव्यात आणि आईंचे नाव रहिवाशांच्या यादीत लिहावे. रहिवाशांची मर्यादा तीनची असती, तर हाच अर्ज नामंजूर झाला असता आणि कारण म्हणून अर्जदारांना फक्त तो एक नियम कळवला गेला असता.

अर्ज अपूर्ण असल्यास कोणता कागद हवा आणि तो कोणत्या तारखेपर्यंत, हे आम्ही अर्जदाराला कळवतो. पूर्ण झालेले अर्ज ज्या क्रमाने पूर्ण झाले त्याच क्रमाने तपासले जातात. मधल्या काळात आपण नियम बदलल्यास, तो बदल त्यानंतर येणाऱ्या अर्जांनाच लागू होतो.